बुधवारी नळ नाही, की बुधवारी नळ नसतो?

प्रश्न: सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. फळ्यावरच्या आणि गावाच्या ग्रुपवरच्या सूचना मीच लिहिते. ‘नाही’ लिहायचं की ‘नसतो’, ‘नाही’ की ‘नव्हता’, यात मी अडखळते. लिहून झाल्यावर तपासायचं कसं, तेही कळत नाही. ही कालची सूचना. यात काय चुकलं?

‘येत्या बुधवारी मोटार दुरुस्तीमुळे नळाला पाणी नसते. दर सोमवारी लाइन बंद असल्यामुळे सकाळी नळ नाही. मागील आठवड्यात दोन टँकर आले नाही. पाणीपट्टी भरली नसल्यास नळजोडणी बंद केली जाईल. अंतिम मुदत ३१ मार्च. ज्यांनी पट्टी भरली आहे त्यांनी अर्ज करू नये. टाकीजवळ जनावरे बांधू नये.’

उत्तर: ताई, या सूचनेत सहा ठिकाणी नकार आलाय आणि सहाही ठिकाणी हात फिरवावा लागेल. पण सहा वेगवेगळे नियम पाठ करू नका. बहुतेक गुंता एकाच गोष्टीने सुटतो. ‘नाही’ हा वाक्याच्या शेवटी चिकटवायचा सुटा शब्द नाही, ते क्रियापद आहे. ‘आहे’ उलटं केलं की ‘नाही’ होतं. ‘असतो’ उलटं केलं की ‘नसतो’, ‘होता’चं ‘नव्हता’, ‘असेल’चं ‘नसेल’, ‘असायचा’चं ‘नसायचा’, ‘असावा’चं ‘नसावा’. प्रत्येक नकाराच्या मागे त्याचा होकार उभा असतो. तो होकार मोठ्याने म्हणून बघायचा. होकार चुकीचा वाटला, तर नकारही चुकलेला असतो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना आणि नंतर मुद्रितं तपासताना मी हीच एक कसोटी वापरत आलो.

आता तुमची पहिली दोन वाक्यं घ्या. ‘येत्या बुधवारी नळाला पाणी नसते’ हे उलटवा. ‘येत्या बुधवारी नळाला पाणी असते.’ असं कोणी म्हणेल का? ‘असते’ हे दरवेळचं, नेहमीचं सांगतं आणि ‘येत्या बुधवारी’ म्हणजे एकच बुधवार. जोडी जुळत नाही. दुसरं वाक्य उलटवा. ‘दर सोमवारी सकाळी नळ आहे.’ हेही कानाला खटकतं. ‘दर सोमवारी’ म्हटलं की ‘असतो’ यायलाच हवा, म्हणून नकारात ‘नसतो’. तुमच्या दोन वाक्यांत या दोघांची अदलाबदल झाली, एवढंच.

हा फरक फक्त कागदावरचा नाही. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या उपकेंद्राच्या फळ्यावर एकदा खडूने लिहिलं होतं, ‘गुरुवारी डॉक्टर नसतात.’ खरं तर डॉक्टर त्या एका गुरुवारी रजेवर होते. फळा कोणी पुसला नाही आणि पुढचे दोन महिने बाया लेकरांना घेऊन गुरुवारी तिकडे फिरकल्याच नाहीत. डॉक्टर मात्र दर गुरुवारी येऊन बसत होते. त्या फळ्यावर ‘नाहीत’ लिहिलं असतं, तर पुढच्या गुरुवारी कोणीतरी चौकशी तरी केली असती. ‘नसतात’ने दारच लावून घेतलं.

‘नसतो’ची आणखी एक चाल आहे आणि ती आपल्या घराघरांत ऐकू येते. एकट्या ‘असणे’साठी नव्हे, तर दुसऱ्या क्रियापदाला जोडून ‘नसतो’ आला की त्यात रीत शिरते. ‘तो मोठ्यांसमोर असं बोलत नाही’ ही त्या मुलाची माहिती झाली. ‘मोठ्यांसमोर असं बोलत नसतात’ ही आजीने नातवाला दिलेली समज झाली. ‘तिन्हीसांजेला झाडू मारत नसतात’ या वाक्यात कोण मारत नाही याची चौकशीच नाही, मारू नये एवढंच सांगायचं आहे. म्हणून सूचनेत ‘ग्रामसेवक शनिवारी दाखले देत नसतात’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला त्यात थोडा दटावल्याचा सूर ऐकू येतो. ‘शनिवारी दाखले दिले जात नाहीत’ हे सरळ आहे. साध्या सवयीसाठी ‘देत नाहीत’, ‘येत नाही’ पुरतं. ‘दर सोमवारी नळ येत नाही’ आणि ‘दर सोमवारी नळ नसतो’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. मी फळ्यावर पहिलं लिहीन.

पहिल्या वाक्याचं मग काय करायचं? ‘येत्या बुधवारी नळ नाही’ चालेल, बोलताना आपण असंच म्हणतो. ‘येत्या बुधवारी नळ नसेल’ व्याकरणाने बरोबर आहे, पण ‘नसेल’ला अंदाजाचा वास असतो. ‘रामभाऊ आता घरी नसेल’ म्हणजे बहुतेक नाही. ग्रामपंचायतीला ठाऊक आहे की मोटार काढलेली आहे, मग अंदाजाचं रूप कशाला? ‘येत्या बुधवारी नळाला पाणी येणार नाही’ लिहा.

इथे ‘येईल नाही’ का होत नाही, हे एकदा समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या पुष्कळ चुका आपोआप टळतील. ‘नाही’ क्रियापद आहे म्हणून त्याला पुरुष आणि वचनाची खूण लागते. तू नाहीस, ते नाहीत. आणि वाक्यात ही खूण एकदाच येते. ‘तू आलास’ यातला ‘स’ नकार करताना ‘आला’ला सोडून ‘नाही’कडे जातो, ‘तू आला नाहीस’. ‘आलास नाही’ असं आपण कधी म्हणत नाही. ‘तुम्ही आलात’चं ‘तुम्ही आला नाहीत’. ‘येतोस’ची सगळी खूण गळून नुसतं ‘येत’ उरतं आणि ‘येत नाहीस’ होतं. ‘येईल’मध्ये मात्र खूण अशी एकजीव झालेली आहे की ती सुटत नाही. म्हणून मराठी ते रूपच बाजूला ठेवते आणि खूण नसलेलं ‘येणार’ आणते. ‘येईन’, ‘येशील’, ‘येईल’, ‘येतील’ या चारही रूपांची जागा एकटं ‘येणार’ घेतं आणि माणूस कोण ते ‘नाही’, ‘नाहीस’, ‘नाहीत’ सांगतं.

याच धाग्याने तुमचं तिसरं वाक्य सुधारतं. ‘दोन टँकर आले नाही.’ उलटवा, ‘दोन टँकर आले आहेत’. होकारात ‘आहेत’ येतं, तर नकारात ‘नाहीत’च हवं. आपल्याकडे बोलताना हा ‘त’ सर्रास गळतो आणि बोलण्यात कोणाचं अडत नाही, पण लिहिताना तो ठेवा. आता ‘नाहीत’ कोणाकडे बघून लिहायचं, इथे चांगले लिहिणारेही फसतात. ‘बायांनी हंडे भरले नाहीत’ यात अनेकवचन बायांमुळे आलेलं नाही, हंड्यांमुळे आलं आहे. ‘बायांनी पाणी भरलं नाही’ यात बाया दहा असल्या तरी पाणी एकच, म्हणून ‘नाही’. आणि ‘त्यांनी गुरांना पाजलं नाही’ यात ‘गुरांना’ला ‘ना’ लागल्यामुळे क्रियापद गुरांकडे बघतच नाही, तिथेही ‘नाही’. ‘भरले’, ‘भरलं’, ‘पाजलं’ हे शब्द कशाशी जुळले आहेत ते बघा, ‘नाही’ त्यांच्याच मागे जातं.

टँकरच्या वाक्यात काळही जपावा लागतो. ‘टँकर आला’ आणि ‘टँकर आला आहे’ या दोन्हींचा नकार ‘टँकर आला नाही’ असाच होतो. म्हणून ‘मागील आठवड्यात आले नाहीत’ हे झालेल्या गोष्टीसाठी ठीक आहे. पण टँकरची वाट अजून बघणं सुरू असेल, तर ‘टँकर अद्याप आलेला नाही’ असं लिहा, म्हणजे दोन अर्थ वेगळे राहतात. ‘आला नव्हता’ला तर मागचा एखादा क्षण लागतोच. ‘आम्ही विहिरीवर गेलो तेव्हा टँकर आला नव्हता.’ तो नंतर आला असेल, नसेल, वाक्य त्याबद्दल काही सांगत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘दि. १० रोजी टँकर आला नव्हता’ लिहिलं, की कंत्राटदार म्हणू शकतो, ‘संध्याकाळी आला होता ना!’ तो दिवसभरात आलाच नसेल, तर ‘दि. १० रोजी टँकर आला नाही’ असंच लिहा.

चौथं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण त्यात व्याकरणाची चूक दिसत नाही. ‘भरली नसल्यास’ म्हणजे आजवर भरलेली नसेल तर. होकार बघा, ‘भरली असल्यास’, म्हणजे भरून झालेली असेल तर. तुमची सूचना वाचून थकबाकीदाराला वाटेल की आपली जोडणी आता कापलीच जाणार. तुम्हाला तर पुढे ३१ मार्चपर्यंत मुदत द्यायची आहे. पुढच्या गोष्टीसाठी ‘भरल्यास’ आणि त्याचा नकार ‘न भरल्यास’. ‘भरल्यास’, ‘भरता’, ‘भरणारा’, ‘भरल्यामुळे’ अशा ज्या रूपांनी वाक्य संपत नाही, त्यांच्यापुढे ‘नाही’ येत नाही, सुटा ‘न’ येतो. न भरल्यास, न सांगता, न भरणारे. हा ‘न’ वेगळा लिहायचा. ‘असणे’ला मात्र तो आत घेऊन जोडून लिहितात, म्हणून ‘नसल्यास’, ‘नसताना’, ‘नसलेला’. ‘पावती नसल्यास’ म्हणजे जवळ नसेल तर, ‘पावती न घेतल्यास’ म्हणजे घेतली नाही तर.

पाचव्या वाक्यात तुम्हाला सांगायचं होतं की ज्यांनी पट्टी भरली त्यांना अर्जाची गरज नाही. ‘अर्ज करू नये’ ही मनाई झाली. ‘करावे’चा नकार ‘करू नये’, तो हात धरून थांबवतो. ‘करावा लागतो’चा नकार ‘करावा लागत नाही’, तो फक्त ओझं उतरवतो. ज्याने पट्टी भरली आहे आणि नावातली चूक दुरुस्त करण्यासाठी अर्ज करायचा आहे, तो तुमची सूचना वाचून घरी बसेल. इथे कसोटी अशी की लिहिलेल्याच्या विरुद्ध वागलं तर गुन्हा होईल का, हे विचारायचं. होणार असेल तर ‘नये’. नुसतं अनावश्यक ठरणार असेल तर ‘लागणार नाही’ किंवा ‘गरज नाही’.

सहाव्यात मनाईच हवी, फक्त वचन चुकलं. ‘जनावरे बांधावीत’चा नकार ‘जनावरे बांधू नयेत’. ‘नये’लाही ‘नाही’सारखा अनेकवचनाचा ‘त’ लागतो. समोरच्याला उद्देशून म्हणायचं असेल तर ‘बांधू नका’.

आता आपल्या वऱ्हाडीबद्दल, कारण तुमच्या आणि माझ्या चुकांचं एक मूळ तिथे आहे, आणि एक ताकदही तिथेच आहे. मूळ असं: प्रमाण मराठीत ‘मी नसेन’ आणि ‘तो नसेल’ वेगळे आहेत. आपण दोन्हीला ‘नसन’ म्हणतो, जसं ‘मी जाईन’ आणि ‘तो बी जाईन’. म्हणून लिहिताना हात चुकून ‘पाणी नसेन’ लिहितो. दहावीच्या वह्यांत मी हे असंख्य वेळा लाल शाईने खुणावलं आहे. ‘नसेन’ दिसलं की कर्ता ‘मी’ आहे का, तेवढं बघा. ‘मी’ नसेल तर ‘नसेल’ करा.

ताकद कोणती? प्रमाण मराठीत लिहिताना ‘नळ येतो’ आणि ‘नळ येत आहे’ या दोन्हींचा नकार सहसा ‘नळ येत नाही’ असा एकच होतो. तक्रारवहीत ‘वॉर्ड २ मध्ये नळ येत नाही’ वाचून कळत नाही, आज येत नाही की कधीच येत नाही. आपल्याकडची बाई मात्र म्हणते, ‘नळ येऊन नाई रायला’, आणि ते आत्ताचंच असतं, यात शंका राहत नाही. कायमचं सांगायचं असेल तर ती ‘नळ येतच नाई’ म्हणते. प्रमाण मराठीने जिथे दोन अर्थ एका रूपात घातले, तिथे वऱ्हाडीने ते वेगळे ठेवले आहेत. म्हणून ‘येऊन राहिला’ला कोणी अशुद्ध म्हटलं की मला वाईट वाटतं. सूचनेत तुम्ही प्रमाण रूप लिहा, पण हा फरक सांडू देऊ नका. ‘आज’, ‘सध्या’, ‘नेहमी’, ‘कधीच’ यांपैकी एक शब्द जोडला की काम होतं.

एक सापळा राहिला, तो ‘मी’चा. ‘मी मंगळवारी कार्यालयात नसतो’ हे ग्रामसेवकाचं नेहमीचं वेळापत्रक. ‘मी कार्यालयात नसतो तर दाखला मिळाला नसता’ ही न घडलेली गोष्ट. रूप एकच, अर्थ दोन. ओळखायचं असेल तर ‘मी’ काढून ‘तो’ ठेवा. पहिल्यात ‘तो नसतो’ होतं, दुसऱ्यात ‘तो नसता तर’. स्त्रियांचंही तसंच, ‘ती नसते’ आणि ‘ती नसती तर’. ‘नसती भानगड’, ‘नसता उद्योग’ यांतला ‘नसता’ तर विशेषण आहे, त्याला या कसोट्या लावू नका. ‘येतोस की नाही?’ यातलं ‘नाही’ही खरा नकार नाही, तो विचारण्याचा सूर आहे.

लिहून झाल्यावर तपासण्यासाठी संगणकावर एकटं ‘नाही’ शोधून भागत नाही. तसं शोधल्यावर ‘नाहीस’, ‘नाहीत’ सापडतात, पण ‘नसते’, ‘नव्हता’, ‘नये’, ‘नका’ निसटतात. मी क्रमाने ‘नाही’, ‘नस’, ‘नव्ह’, ‘नये’, ‘नको’, ‘नका’ शोधतो आणि शेवटी आजूबाजूला जागा सोडलेला सुटा ‘न’. शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीवर इथे विसंबू नका. तिच्या लेखी ‘नाही’ आणि ‘नसते’ हे दोन्ही शब्द बरोबरच असतात, चूक वाक्यात असते. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, होकार म्हणायचा, एकदाचं की दरवेळचं ते बघायचं आणि ‘त’ हवा का ते बघायचं. तुमच्या सूचनेएवढ्या मजकुराला चार-पाच मिनिटं लागतात.

तुमची सूचना मी अशी लावीन:

‘मोटार दुरुस्तीमुळे येत्या बुधवारी नळाला पाणी येणार नाही. दर सोमवारी लाइन बंद असल्यामुळे सकाळी नळ येत नाही. मागील आठवड्यात दोन टँकर आले नाहीत. ३१ मार्चपर्यंत पाणीपट्टी न भरल्यास नळजोडणी बंद केली जाईल. ज्यांनी पट्टी भरली आहे त्यांना अर्ज करावा लागणार नाही. टाकीजवळ जनावरे बांधू नयेत.’

एक विनंती. ‘येत्या बुधवारी’च्या पुढे तारीख टाका. ती नसली, तर गुरुवारी फळा वाचणाऱ्याला पुढचाच बुधवार वाटेल.